पुरवठादाराचे देणे थकल्यास इनपुट क्रेडिटचे प्रत्यावर्तन आणि त्यावरील व्याज

1. प्रश्नाचे स्वरूप

वस्तू व सेवा कराच्या व्यवस्थेत प्रत्येक व्यापारी आपल्या विक्रीवर कर आकारतो आणि स्वतःच्या खरेदीवर जो कर आकारला गेला असेल त्याची वजावट घेऊन उरलेली रक्कम सरकारजमा करतो. ही वजावट व्यापारी जगात ‘इनपुट क्रेडिट’ या नावाने ओळखली जाते, आणि येथेही तोच रूढ शब्द वापरला आहे. क्रेडिटचा हक्क मुख्यतः बीजकावर उभा असतो. माल हाती आला, बीजक मिळाले, पुरवठादाराने ते आपल्या विवरणपत्रात दाखविले, की खरेदीदार क्रेडिट घेऊ शकतो. पुरवठादाराला मालाची किंमत प्रत्यक्ष चुकती झाली आहे की नाही, याची चौकशी त्या क्षणी कायदा करीत नाही.

येथेच एक विसंगती निर्माण होते. पुरवठादारावरील कराचे दायित्व बीजकामुळे उत्पन्न होते, वसुलीमुळे नव्हे. त्याने उधारीवर माल दिला तरी पुढील महिन्यात त्याला कर भरावाच लागतो. उलट खरेदीदाराने एक पैसाही दिलेला नसताना तो त्याच कराचे क्रेडिट घेऊन आपले दायित्व कमी करू शकतो. म्हणजे, ज्या कराची झळ खरेदीदाराला अजून लागलेलीच नाही त्याची वजावट त्याला मिळते आणि त्या वजावटीला लागणारा पैसा वस्तुतः पुरवठादाराच्या खेळत्या भांडवलातून येतो. ही स्थिती अमर्याद काळ चालू नये, तसेच ज्यांची किंमत कधीच द्यावयाची नाही अशा कागदी बीजकांवर क्रेडिट मिळू नये, या दुहेरी हेतूने केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, 2017 च्या कलम 16, पोटकलम (2) मधील दुसरे परंतुक रचलेले दिसते. बीजकाच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत किंमत व कर या दोन्ही रकमा पुरवठादाराला न दिल्यास घेतलेल्या क्रेडिटइतकी रक्कम खरेदीदाराने व्याजासह भरावी, असे ते परंतुक सांगते. यालाच क्रेडिटचे प्रत्यावर्तन म्हणतात.

नियम वरवर पाहता सोपा आहे. तथापि ‘व्याजासह’ या एका शब्दाचा अर्थ काय, व्याज कोणत्या दिवसापासून मोजावयाचे आणि ते मुळात केव्हा लागू होते, या प्रश्नाचे उत्तर 2022 नंतर पूर्वीइतके स्पष्ट राहिलेले नाही. प्रस्तुत लेखात प्रथम नियमाची रचना, मग एक उदाहरण आणि शेवटी व्याजासंबंधीचा मतभेद, असा क्रम ठेवला आहे.

2. परंतुकाची व्याप्ती

पहिली गोष्ट, मुदत मोजण्याचा आरंभबिंदू. 180 दिवस हे बीजकाच्या तारखेपासून मोजले जातात. माल पोहोचल्याच्या, तपासून स्वीकारल्याच्या किंवा कराराप्रमाणे देणे देय झाल्याच्या तारखेपासून नव्हेत. दोन पक्षांनी आपसांत 210 दिवसांच्या उधारीचा करार केला असला तरी कायद्याची मुदत त्यामुळे लांबत नाही. देणे करारानुसार अद्याप देय झालेले नसतानाही क्रेडिट परत करण्याची पाळी खरेदीदारावर येऊ शकते. ब्रिटनच्या मूल्यवर्धित कराच्या कायद्यातही अशी तरतूद आहे. परंतु तेथे सहा महिन्यांची मुदत पुरवठ्याच्या तारखेपासून किंवा किंमत देय होण्याच्या तारखेपासून, यांपैकी जी नंतरची असेल तिच्यापासून मोजली जाते. भारतीय तरतूद या बाबतीत अधिक कडक आहे.

दुसरी गोष्ट, ‘किंमत व कर’ या जोडीची. पुष्कळ ठिकाणी अशी समजूत आढळते की, बिलातील कराची रक्कम तेवढी पुरवठादाराला पोचती केली म्हणजे क्रेडिट सुरक्षित राहते. परंतुकाचे शब्द या समजुतीला आधार देत नाहीत. किंमत आणि तीवरील कर ही दोन्ही मिळून जी एकूण रक्कम होते तिचा जो भाग थकला असेल, त्या प्रमाणात क्रेडिट परत करावे लागते. दिलेली रक्कम आधी कराच्या खाती धरावी, असा वळसा घेण्यास नियमात जागा नाही.

तिसरी गोष्ट, अपवादांची. ज्या पुरवठ्यावर कर भरण्याची जबाबदारी उलट आकारणीने खरेदीदारावरच असते, तेथे परंतुक लागू होत नाही. तेथे कर खरेदीदाराच्याच खिशातून सरकारकडे गेलेला असतो, म्हणून वर वर्णिलेली विसंगतीच उत्पन्न होत नाही. तसेच अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीप्रमाणे मोबदल्याशिवाय होणारे जे पुरवठे करपात्र मानले जातात, उदाहरणार्थ एकाच संस्थेच्या दोन राज्यांतील नोंदणीकृत शाखांमधील मालाची पाठवणी, त्यांची किंमत चुकती झाली असे नियम 37 गृहीत धरतो. पुरवठादाराने करावयाचा खर्च खरेदीदाराने परस्पर केला आणि तो कलम 15(2)(ख) प्रमाणे किमतीत मिळविला गेला, तर तेवढी रक्कमही चुकती झालेली मानली जाते.

चौथी गोष्ट, ‘चुकते करणे’ म्हणजे काय. परंतुकाने रोख, धनादेश किंवा बँकेमार्फत, असा कोणताही प्रकार बंधनकारक केलेला नाही. परस्परांची देणी-घेणी हिशेबात वळती करून फेडली तरी ते चुकते करणेच होय, असा निर्णय पश्चिम बंगालच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाने 2019 मध्ये दिला. असा निर्णय केवळ त्या अर्जदारापुरता आणि त्याच्याशी संबंधित अधिकाऱ्यापुरता बंधनकारक असतो हे खरे. परंतु परंतुकाच्या शब्दांशी तो सुसंगत आहे. मात्र वळते करण्याची नोंद दोन्ही वह्यांत जुळली पाहिजे. एकाच्या वहीत देणे फिटलेले आणि दुसऱ्याच्या वहीत येणे अजून उभे, अशी स्थिती असेल तर तो आधार टिकत नाही.

3. नियम 37 चा इतिहास

हा विचार वस्तू व सेवा करापासूनच सुरू झाला असे नाही. सेनव्हॅट क्रेडिट नियम, 2004 मधील नियम 4(7) अन्वये सेवांच्या बाबतीत तीन महिन्यांत किंमत न दिल्यास क्रेडिट परत करावे लागे आणि नंतर किंमत दिल्यावर ते पुन्हा घेता येई. 2017 मध्ये ही कल्पना वस्तूंनाही लागू झाली आणि मुदत 180 दिवसांची झाली.

मूळच्या नियम 37 प्रमाणे थकलेल्या देण्याचा तपशील खरेदीदाराने जीएसटीआर-2 या विवरणपत्रात द्यावयाचा होता, आणि परत करावयाची रक्कम त्याच्या विक्रीकराच्या दायित्वात मिळविली जावयाची होती. परंतु जीएसटीआर-2 चा वापर 2017 मध्येच स्थगित झाला. परिणामी नियम अस्तित्वात, पण तो अंमलात आणण्याचे ठरलेले साधन मात्र नाही, अशी अवस्था जवळजवळ पाच वर्षे राहिली. या काळात प्रत्यावर्तन मासिक विवरणपत्र जीएसटीआर-3बी मध्येच दाखविले जात असे.

28 सप्टेंबर 2022 च्या अधिसूचना क्रमांक 19/2022 ने 1 ऑक्टोबर 2022 पासून नियमाची पुनर्रचना केली. 180 दिवसांच्या कालावधीच्या लगत पुढच्या करकालावधीच्या जीएसटीआर-3बी मध्ये क्रेडिटइतकी रक्कम भरावी किंवा परत करावी, असे त्यात ठरले. परंतु या पुनर्रचनेत एक उणीव राहिली. मूळ नियमात असलेला ‘न दिलेल्या रकमेच्या प्रमाणात’ हा आशय नव्या शब्दांतून गळून गेला. दहा लाखांच्या बिलातील पन्नास हजार थकले तरी संपूर्ण क्रेडिट परत करावे लागेल, असा अर्थ त्यामुळे निघू लागला. ही चूक 26 डिसेंबर 2022 च्या अधिसूचना क्रमांक 26/2022 ने सुधारली आणि प्रमाणाचे तत्त्व 1 ऑक्टोबर 2022 पासूनच पूर्वलक्षी प्रभावाने पुन्हा प्रस्थापित झाले. पुढे वित्त अधिनियम, 2023 ने मूळ परंतुकातही बदल केला. ‘विक्रीकराच्या दायित्वात मिळविली जाईल’ याऐवजी ‘कलम 50 खाली देय असलेल्या व्याजासह भरील’ असे शब्द 1 ऑक्टोबर 2023 पासून आले.

या सर्व बदलांत एक बदल कोणाच्या फारसा नजरेत भरला नाही. तो म्हणजे मूळ नियमातील पोटनियम (3) चा लोप. क्रेडिट घेतल्याच्या तारखेपासून ते रक्कम भरल्याच्या तारखेपर्यंत व्याज द्यावे, असे तो पोटनियम स्पष्टपणे सांगत असे. 1 ऑक्टोबर 2022 पासून तो वगळला गेला आणि त्याच्या जागी दुसरा कोणताही आरंभबिंदू दिला गेला नाही. मतभेदाचे मूळ येथे आहे.

4. एक उदाहरण

विषय स्पष्ट होण्यासाठी एक काल्पनिक व्यवहार घेणे इष्ट होईल. पुण्याजवळील एका यंत्रनिर्मात्याने कोल्हापूरच्या एका फाऊंड्रीकडून ओतीव भाग खरेदी केले. बीजकाची तारीख 10 एप्रिल 2024, किंमत 10,00,000 रुपये, कर 18 टक्के म्हणजे 1,80,000 रुपये. त्यात केंद्राचा व राज्याचा वाटा प्रत्येकी 90,000. बिलाची एकूण रक्कम 11,80,000 रुपये. यंत्रनिर्मात्याने 20 मे 2024 रोजी एप्रिलचे विवरणपत्र भरताना 1,80,000 रुपयांचे क्रेडिट घेतले. जून महिन्यात त्याने 7,08,000 रुपये दिले. उरलेले 4,72,000 रुपये, म्हणजे बिलाचे 40 टक्के, यंत्राची अंतिम चाचणी होईपर्यंत राखून ठेवले.

10 एप्रिलपासून 180 दिवस मोजल्यास 7 ऑक्टोबर 2024 हा शेवटचा दिवस येतो. कालावधी ऑक्टोबरमध्ये संपतो. त्याच्या लगत पुढचा पूर्ण करकालावधी नोव्हेंबर हा होय. त्यामुळे नियमाच्या शब्दांप्रमाणे प्रत्यावर्तन नोव्हेंबरच्या विवरणपत्रात, म्हणजे 20 डिसेंबर 2024 पर्यंत करावयाचे. काही सावध करसल्लागार 181 वा दिवस ऑक्टोबरमध्येच येतो म्हणून ते ऑक्टोबरच्या विवरणपत्रात करवून घेतात. त्यात सुरक्षितता अधिक आहे, परंतु शब्दार्थाने पहिले वाचन सरळ आहे.

परत करावयाची रक्कम अशी निघते:

1,80,000 × 4,72,000 ÷ 11,80,000 = 72,000 रुपये

यात केंद्राचे 36,000 व राज्याचे 36,000. केंद्रीय मंडळाच्या 6 जुलै 2022 च्या परिपत्रक क्रमांक 170 प्रमाणे ही रक्कम जीएसटीआर-3बी च्या तक्ता 4(बी)(2) मध्ये दाखवावयाची असते. हा रकाना पुढे परत मिळू शकणाऱ्या क्रेडिटसाठी राखलेला आहे. कायमचे गमावलेले क्रेडिट ज्या 4(बी)(1) मध्ये दाखविले जाते, त्यात ही रक्कम चुकून गेली तर पुढे ती परत मागताना नोंदींचा मेळ बसत नाही. म्हणून येथे रकान्याची निवड ही केवळ लेखनिकी बाब नव्हे.

समजा, चाचणी पूर्ण होऊन 15 फेब्रुवारी 2025 रोजी 4,72,000 रुपये चुकते झाले. मग तिसऱ्या परंतुकाप्रमाणे 72,000 रुपयांचे क्रेडिट पुन्हा घेण्याचा हक्क उत्पन्न होतो. फेब्रुवारीच्या विवरणपत्रात ते तक्ता 4(ए)(5) मध्ये घ्यावयाचे आणि 4(डी)(1) मध्ये त्याचा उल्लेख करावयाचा. ऑगस्ट 2023 पासून संगणकीय व्यवस्थेत परत केलेल्या व पुन्हा घेतलेल्या क्रेडिटचा स्वतंत्र तक्ताही राखला जातो, त्यामुळे या दोन नोंदी एकमेकींशी ताडून पाहता येतात.

क्रेडिट घेण्याची कलम 16(4) मधील सर्वसाधारण मुदत येथे आड येत नाही. 2024-25 च्या बीजकांसाठी ती मुदत साधारणतः 30 नोव्हेंबर 2025 पर्यंत होती. परंतु नियम 37(4) प्रमाणे एकदा घेऊन परत केलेले क्रेडिट पुन्हा घेण्यास ती लागू नाही. उदाहरणातील रक्कम जानेवारी 2026 मध्ये दिली असती, तरी क्रेडिट परत मिळाले असते. क्रेडिट परत येते. व्याज मात्र परत येत नाही. ते वजावटीच्या खात्यातून भरताही येत नाही, रोख खात्यातूनच भरावे लागते. यास्तव या तरतुदीचा खरा, न फिटणारा भार काय असेल तर तो व्याजाचा होय.

5. व्याज कोणत्या दिवसापासून?

व्याजाचा दर 18 टक्के आहे याविषयी वाद नाही. 72,000 रुपयांवर वर्षाला 12,960 रुपये व्याज होते. वाद आहे तो दिवसांच्या मोजणीचा, आणि त्यासंबंधी तीन वाचने संभवतात.

पहिल्या वाचनाप्रमाणे व्याज क्रेडिट घेतल्याच्या दिवसापासून मोजावयाचे. 20 मे ते 20 डिसेंबर 2024 हे 214 दिवस होतात आणि व्याज सुमारे 7,598 रुपये येते. या वाचनाचा युक्तिवाद असा: परंतुकात ‘व्याजासह’ हा शब्द आहे, आणि वेळेवर प्रत्यावर्तन करणाऱ्यास व्याज मुळीच लागत नसेल तर त्या शब्दाला नेहमीच्या प्रसंगी काही अर्थच उरणार नाही. शिवाय 2022 पूर्वीचा पोटनियम (3) हाच विधिमंडळाच्या मूळ हेतूचा पुरावा होय. परंतु याच युक्तिवादाची दुसरी बाजू दुर्बळ आहे. तो पोटनियम वगळला गेला आहे, आणि वगळलेली तरतूद अजून जिवंत आहे असे मानून तिच्या आधारे व्याज आकारणे हे करकायद्याच्या अर्थनिर्णयाच्या रूढ तत्त्वांशी जुळत नाही. 30 सप्टेंबर 2022 पर्यंतच्या प्रकरणांत मात्र हे वाचन निर्विवाद आहे.

दुसऱ्या वाचनाप्रमाणे हे प्रकरण कलम 50(3) खाली येते. ते पोटकलम गैररीतीने घेतलेल्या आणि वापरलेल्या क्रेडिटवर व्याज लावते, आणि त्याची मोजणी नियम 88ख(3) प्रमाणे होते. त्या नियमाचे तत्त्व असे की, क्रेडिट खातेवहीतील शिल्लक जेव्हा त्या वादग्रस्त रकमेच्या खाली उतरते तेव्हाच, आणि जेवढी उतरते तेवढेच, ते क्रेडिट वापरले गेले असे समजावयाचे. यंत्रनिर्मात्याच्या खात्यात संपूर्ण काळ दोन-तीन लाखांची शिल्लक असेल, तर व्याज शून्य. 20 जुलै 2024 रोजी जूनचा कर भरताना शिल्लक शून्यावर आली आणि पुढे तशीच राहिली असेल, तर त्या दिवसापासून 20 डिसेंबरपर्यंत 153 दिवसांचे सुमारे 5,433 रुपये. येथे अडचण ‘गैररीतीने घेतलेल्या’ या शब्दांची आहे. 20 मे रोजी क्रेडिट घेतले तेव्हा सर्व अटी पूर्ण झालेल्या होत्या. क्रेडिट पूर्णपणे वैध होते. पुढे घडलेल्या एका गोष्टीमुळे ते परत करावे लागले, एवढ्याने ते आरंभापासून गैर ठरते असे म्हणता येत नाही. तथापि व्यवहारात हे वाचन खरेदीदारास मध्यममार्ग वाटते, कारण त्यात तत्त्व आहे: ज्याने सरकारचा पैसा प्रत्यक्ष वापरला त्यानेच व्याज द्यावे.

तिसऱ्या वाचनाप्रमाणे प्रत्यावर्तनाचे दायित्व 180 दिवस संपल्यावरच उत्पन्न होते आणि लगत पुढच्या करकालावधीच्या विवरणपत्राच्या तारखेला ते देय होते. त्या तारखेपर्यंत रक्कम भरली तर विलंबच नाही. आणि विलंब नसताना व्याज नाही. भरण्यास उशीर झाला तर मात्र कलम 50(1) प्रमाणे त्या देय तारखेपासून व्याज. उदाहरणात प्रत्यावर्तन 20 डिसेंबर 2024 ऐवजी 20 मार्च 2025 रोजी केले असते, तर 90 दिवसांचे सुमारे 3,196 रुपये व्याज आले असते. या वाचनाचा आधार 2023 च्या सुधारणेतील शब्द होत. तेथे नुसते ‘व्याजासह’ असे नसून ‘कलम 50 खाली देय असलेल्या व्याजासह’ असे म्हटले आहे. कलम 50 खाली काही देय असेल तरच ते द्यावयाचे. नसेल तर नाही.

तीन वाचनांतून एकाच व्यवहारावर, एकाच दिवशी केलेल्या प्रत्यावर्तनावर, 7,598, 5,433 आणि शून्य अशी तीन उत्तरे निघतात. शब्दार्थाच्या दृष्टीने तिसरे वाचन आजच्या मजकुराशी सर्वांत जवळचे आहे. धोक्याच्या दृष्टीने पहिले सर्वांत सुरक्षित आहे. हिशेबतपासणीत अधिकारी पहिल्या वाचनाचा आग्रह धरण्याची शक्यता ध्यानात घेऊन पुष्कळ संस्था लहान रकमांवर ते व्याज भरून मोकळ्या होतात. रक्कम मोठी असली म्हणजे प्रश्न तसा सुटत नाही. बांधकामाच्या कंत्राटांत बिलाचा काही भाग वर्ष-दोन वर्षे राखून ठेवण्याची प्रथा आहे. तेथे प्रत्येक बिलाच्या राखीव भागावर प्रत्यावर्तन अटळ होते, आणि व्याजाचा आरंभबिंदू कोणता धरला यावर लाखोंचा फरक पडतो.

6. चूक कोठे होते आणि ती कशी उघडकीस येते

देणे केव्हा चुकते झाले याची माहिती विवरणपत्रांतून सरकारला आपोआप मिळत नाही. म्हणून ही तरतूद संगणकीय छाननीत क्वचितच पकडली जाते; ती सापडते वह्या उघडल्यावर. कंपनी अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीतील 2021 च्या सुधारणेनंतर कंपन्यांना व्यापारी देण्यांचे वयानुसार वर्गीकरण ताळेबंदात द्यावे लागते. त्यात एक वर्षाहून जुन्या देण्याच्या रकान्यात जी रक्कम दिसते ती 180 दिवसांपलीकडची असणारच. तिच्यातील करपात्र खरेदीचा भाग आणि वार्षिक विवरणपत्र जीएसटीआर-9 मधील तक्ता 7ए येथे नियम 37 खाली दाखविलेले प्रत्यावर्तन, या दोहोंचा मेळ नसेल तर प्रश्न उपस्थित होतो. एका रकान्यात मोठी रक्कम आणि दुसऱ्यात शून्य, हे या चुकीचे नेहमीचे लक्षण होय.

चुकीची दोन कारणे विशेष आढळतात. एक असे की, हिशेबखाते पुरवठादाराची शिल्लक एकत्र पाहते, बिलवार पाहत नाही. खात्यावर नियमित रकमा जात असतात, त्यामुळे खाते ‘चालू’ दिसते; पण एखादे वादग्रस्त बिल मध्येच अडकून पडलेले असते. नियम बीजकाशी बांधलेला असल्याने प्रत्येक रक्कम कोणत्या बिलापोटी दिली, याची नोंद अवश्य हवी.

दुसरे कारण तंट्याचे. उदाहरणातील काही ओतीव भागांना तडे आढळले आणि यंत्रनिर्मात्याने 50,000 रुपये कापून घेतले, तर केवळ कापून घेतल्याने देणे कमी होत नाही. कागदोपत्री ते थकलेलेच राहते. पुरवठादाराने कलम 34 प्रमाणे क्रेडिट नोट दिली, तर मात्र पुरवठ्याचे मूल्यच घटते. त्या प्रमाणातील क्रेडिट खरेदीदार कायमचे परत करतो आणि 180 दिवसांचा प्रश्न त्या भागापुरता संपतो. तंटा तोंडी मिटवून कागद न करणे, हे अशा प्रकरणांत व्याजाचे निमित्त ठरते.

7. पुरवठादाराची बाजू

तरतुदीचा एक हेतू पुरवठादाराचे संरक्षण हा मानला, तर त्याच्या पदरात प्रत्यक्ष काय पडते हे पाहणे प्राप्त आहे. कोल्हापूरच्या फाऊंड्रीने मे 2024 मध्येच बिलावरील संपूर्ण कराचा हिशेब सरकारला दिला. डिसेंबरमध्ये यंत्रनिर्मात्याने 72,000 रुपये परत केले. आता एकाच मूल्यावर सरकारकडे फाऊंड्रीने दिलेला कर आहेच, आणि त्याची दुसरीकडील वजावटही रद्द झाली आहे. फेब्रुवारीत देणे फिटले म्हणून ही दुहेरी स्थिती संपली. देणे कधीच फिटले नसते तर ती कायम राहिली असती. कारण बुडीत येण्यावर भरलेला कर परत मिळण्याची तरतूद भारतीय कायद्यात नाही, आणि केवळ पैसे न मिळाल्याच्या कारणावरून कलम 34 खाली क्रेडिट नोटही देता येत नाही. ब्रिटनच्या कायद्यात सहा महिन्यांनंतर खरेदीदाराची वजावट काढून घेतली जाते, तशी पुरवठादाराला बुडीत येण्यावरील कराची सूटही मिळते. तेथे तराजूची दोन्ही पारडी हलतात. येथे एकच हलते.

व्याजही पुरवठादाराकडे जात नाही, राजकोषात जाते. फाऊंड्री सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेली असेल, तर तिचा व्याजाचा हक्क निराळ्या कायद्यातून येतो. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, 2006 प्रमाणे खरेदीदाराने फार तर 45 दिवसांत देणे चुकते केले पाहिजे, आणि तसे न केल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज पुरवठादाराला द्यावे लागते. हे दोन्ही भार एकाच थकबाकीवर एकाच वेळी पडू शकतात, आणि एक भरल्याने दुसरा चुकत नाही. खरेदीदारावर देणे फेडण्याचे दडपण आणण्याच्या कामी करकायद्यातील 180 दिवसांपेक्षा ही 45 दिवसांची तरतूद पुष्कळ आधी जागी होते.

या विवेचनातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. व्याजाचा आरंभबिंदू ही नियमातील एका ओळीने मिटणारी बाब आहे. 2022 मध्ये जी ओळ वगळली गेली तिच्या जागी कोणती ओळ अभिप्रेत होती, हे नियमानेच सांगणे योग्य. तोपर्यंत प्रत्येक करदात्याला तीन उत्तरांपैकी एक स्वतःच्या जोखमीवर निवडावे लागते. दुसरी गोष्ट अधिक मूलभूत आहे. वजावट खरेदीदाराच्या देण्याशी बांधली, पण कराचे दायित्व पुरवठादाराच्या येण्याशी बांधले नाही, यामुळे न फिटलेल्या उधारीवर कर दोनदा राहतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर अधिसूचनेने देता येईल. दुसऱ्याचे उत्तर द्यावयाचे तर अधिनियमातच बुडीत येण्यावरील कराच्या सवलतीची तरतूद करावी लागेल.